जुन्या नोकऱ्या आणि छंदांमधली कौशल्ये तपासून धंदा शोधणे: यादी नेमकी कशी करावी?

कुळागरवाला (डिचोली)

नमस्कार मंडळी. मी बरीच वर्षे एका खाण कंपनीच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होतो. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या तेव्हा घरी बसलो, नंतर पुन्हा कामावर रुजू झालो, आणि २०१८ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ती नोकरी कायमची संपली. पुढे बार्देशातल्या एका हॉटेलच्या देखभाल विभागात लागलो. ती नोकरीही आता सोडतो आहे आणि स्वतःचे काहीतरी उभे करण्याचा विचार आहे.

आतापर्यंत केलेल्या नोकऱ्या आणि छंद कागदावर मांडले, तर दुर्लक्षिलेल्या धंद्याच्या कल्पना त्यातून वर येतात, असे एका प्रशिक्षणात सांगितले होते. त्याप्रमाणे मी तीन ओळी लिहिल्या: प्रयोगशाळा साहाय्यक, हॉटेल देखभाल, जत्रेतल्या नाटकांत पडद्यामागची कामे. त्यांच्यासमोर सुचलेले धंदे म्हणजे होमस्टे, भाड्याची टॅक्सी आणि काजूचा व्यापार. हे धंदे माझ्या वाड्यावरच्या कोणालाही सुचले असते, त्यासाठी यादी करण्याची गरज नव्हती. यादीत काय चुकते आहे, हे कोणी सांगेल का?

दत्ता_फोंडा

यादी बरोबर आहे, फक्त तिला गुण दिलेले नाहीत. प्रत्येक कौशल्यासमोर दहापैकी गुणांचे दोन रकाने करा, एक किती येते याचा आणि दुसरा किती आवडते याचा. दोन्हींची बेरीज करून ज्याला सर्वांत जास्त गुण मिळतील, तो धंदा उचला. मी स्वतः असेच करून फोटोग्राफीकडे वळलो. मनापासून आवडणारे काम असले की गिऱ्हाईक आपोआप येते.

सावर्डेकर

बाब, कर्ज हवे असेल तर आधी उद्यम नोंदणी करून घ्या. ती ऑनलाईन होते, तिला पैसे पडत नाहीत आणि त्यात माहिती आपणच स्वयंघोषणेने भरायची असते. त्यानंतर मुख्यमंत्री रोजगार योजनेसाठी ईडीसी या गोव्याच्या आर्थिक विकास महामंडळाकडे चौकशी करा. प्रकल्प अहवाल मात्र व्यवस्थित तयार करून न्या.

कुळागरवाला (डिचोली)

सावर्डेकर, आभारी आहे, पण अहवाल कशाचा करायचा हेच अजून ठरलेले नाही. दत्ताबाब, गुण देऊन पाहिले. नाटक पहिले आले. पण गावच्या नाटकाचा पडदा ओढण्याचे पैसे मला कोण देणार?

अनघा (मडगाव)

मी काही वर्षे बचतगटांना आणि नोकरी सुटलेल्या कामगारांना अशा याद्या करून देण्याचे काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

कुळागरवाले, तुम्ही लिहिली ती पदांची नावे आहेत, कौशल्ये नव्हेत. पदावरून धंदा शोधायला गेले की त्या पदावरच्या लोकांना जे सुचते तेच सुचणार. पद फोडून त्याच्याखालची कामे काढावी लागतात, आणि प्रत्येक काम पूर्ण वाक्यात लिहावे लागते: कशावर काय केले, कोणत्या अडचणीत केले, आणि मी ते केले नसते तर कोणाचे काम अडले असते. हा शेवटचा भाग लोक हमखास गाळतात, आणि गिऱ्हाईक बहुधा त्यातच सापडते, कारण ज्याचे काम अडते तोच पैसे देतो. दत्तांच्या गुणांबद्दल म्हणायचे तर ‘येते’ आणि ‘आवडते’ या दोन्ही रकान्यांत उत्तर देणारे आपणच असतो, पैसे देणारा माणूस त्यांत कोठेच नसतो. गुण द्यायला हरकत नाही, पण ते अगदी शेवटी, उरलेल्या दोन-तीन कल्पनांमध्ये निवड करताना द्यावेत.

दुसरी अडचण अशी की जे काम सहज जमते ते आपल्याला कौशल्य वाटतच नाही, आणि म्हणून ते यादीत येत नाही. यावर दोन उपाय मी वापरत असे. एक म्हणजे जुन्या सहकाऱ्यांना फोन करून ‘माझा स्वभाव कसा आहे’ असे न विचारता ‘तुम्ही मला कशासाठी बोलावून घ्यायचात, आणि मी गेल्यावर काय अडले’ एवढेच विचारणे. पहिल्या प्रश्नावर लोक कौतुक करतात, दुसऱ्यावर माहिती देतात. दुसरा उपाय म्हणजे आपल्या व्यवसायाचे सरकारी वर्णन वाचणे. राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण २०१५ मध्ये प्रत्येक व्यवसायाखाली कामांचे वर्णन दिलेले आहे. ते वाचताना ‘अरे, हेही मी करत होतो’ असे बऱ्याच ठिकाणी होते. मात्र ते पुस्तक फक्त आठवण करून देण्यापुरते वापरावे, त्यातली वाक्ये उतरवून घेऊ नयेत.

मंदा_पेडणे

अनघाताई, माझ्या बाबतीत सांगा. मी अंगणवाडीत होते. चवथीला गणपतीवर टांगायच्या आमच्या घरच्या माटोळीचे सामान मी स्वतः रानातून आणते, आणि कांगलां, माट्टुलीं, घागऱ्यो कोठे आणि कधी मिळतात हे मला पाठ आहे. आजूबाजूच्या घरांतले लोक मलाच विचारायला येतात. बाजारात माटोळीचे सामान महाग झाले आहे, तेव्हा यात धंदा आहे ना?

अनघा (मडगाव)

मंदाबाय, लोक तुम्हाला विचारायला येतात ही फार चांगली खूण आहे. पण ते विचारून स्वतः रानात जातात, की तुमच्याकडून विकत घेतात, हे आधी पाहा. शिवाय तो बाजार वर्षातून दोन-चार दिवसांचा आहे आणि माल रानातून ओरबाडून आणावा लागतो, तेव्हा विक्री वाढली की झाडे कमी होणार. तुमच्या यादीत माल आणणे लिहू नका, ओळखणे लिहा. कोणती वेल कोणत्या महिन्यात फळते हे ज्याला कळते, त्याला त्या वेलींची रोपे तयार करता येतात आणि शाळांच्या मुलांना रान दाखवताही येते. तुम्ही लहान मुलांना शिकवण्याचे काम केले आहे, आणि ही दोन कामे एकत्र असलेली माणसे थोडी असतात. पैसे कोण देईल हे मात्र शाळांना विचारल्याशिवाय मला सांगता येणार नाही.

शिवोलीकर

थोडे विषयांतर करतो, क्षमा असावी. कुळागरवाले हॉटेलात होते म्हणून विचारतो. माझ्या काकांचा भाड्याने देण्याचा बंगला आहे. त्यातल्या पोहण्याच्या तलावाचे पाणी हिरवे पडले आहे. राखणदार रोज गोळ्या टाकतो, चाचणीच्या पट्टीवर क्लोरिन भरपूर दिसते, तरी पाणी साफ होत नाही. गोळ्या बनावट आहेत का?

कुळागरवाला (डिचोली)

गोळ्या बनावट नसाव्यात. तलावाच्या त्या पांढऱ्या गोळ्या बहुधा ट्रायक्लोरच्या असतात. त्यांच्याबरोबर सायन्यूरिक आम्ल पाण्यात जाते. क्लोरिन खर्च होऊन जातो, पण ते आम्ल पाण्यातच साचत राहते. दर १० पीपीएम, म्हणजे लीटरमागे १० मिलिग्रॅम, क्लोरिनमागे साधारण ६ पीपीएम आम्ल वाढते. थोडे असले तर ते क्लोरिनला उन्हापासून वाचवते, पण फार साचले की क्लोरिन पट्टीवर दिसतो आणि शेवाळे मारण्याचे काम मात्र करत नाही. आणखी गोळ्या टाकणे म्हणजे तेच आम्ल वाढवणे. पाण्याचा काही भाग काढून नवे पाणी भरणे हाच उपाय आहे. पावसाळ्यात तलाव भरून वाहतो तेव्हा हे आपोआप होते, म्हणून ही तक्रार बहुतेक वेळा मार्च ते मे मध्ये येते.

नवे पाणी टँकरचे असेल तर आधी बादलीत घेऊन त्यात चिमूटभर क्लोरिनची पूड टाकून पाहा. आपल्याकडे विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्यात पुष्कळ ठिकाणी लोह विरघळलेले असते. क्लोरिन पडताच ते चहासारखे तांबडे होते. तसे झाले तर ते पाणी सरळ तलावात सोडू नका. आणि आता मापाशिवाय काही टाकू नका, आधी तलावाची मापे सांगा. लांबी ८ मीटर, रुंदी ४ मीटर आणि सरासरी खोली १.४ मीटर असेल तर पाणी सुमारे ४५ हजार लीटर होते, म्हणजे १ पीपीएम वाढवायला ४५ ग्रॅम क्लोरिन लागतो, आणि ६५ टक्क्यांची पूड असेल तर सुमारे ७० ग्रॅम. राखणदार मगभर टाकत असेल तर तो पाण्याचा नाही, स्वतःच्या मनाचा हिशेब करतो आहे.

असो, मूळ विषयाकडे वळतो. वर्गीकरणाचे वर्णन वाचले, पण त्यात माझ्या कामाचे नवीन काही सापडले नाही.

अनघा (मडगाव)

कुळागरवाले, तुमचे वरचे उत्तर तुम्हीच पुन्हा एकदा वाचा. हॉटेल देखभाल या दोन शब्दांच्या खाली हे सगळे दडले होते, आणि यादी करताना त्यातली एक ओळही तुम्हाला आठवली नाही. कोणी अडचण घेऊन आला तेव्हा मात्र ते तुम्ही पाच मिनिटांत लिहून दिलेत. म्हणून माझा आग्रह असतो की यादी एकट्याने बसून करू नये. आता याच पद्धतीने प्रयोगशाळेचे काम उलगडा. काय करत होता?

कुळागरवाला (डिचोली)

बार्जमध्ये खनिज भरताना नमुना घेणे, तो वाळवून ओलावा काढणे आणि लोहाच्या टक्क्यांसाठी दळून पुढे देणे, हे काम होते. यातले कठीण काम नमुना घेण्याचे. ढिगाच्या कडेला मोठे तुकडे घरंगळून येतात आणि बारीक माल मध्ये राहतो, म्हणून हाताला येईल तेथून फावडे भरले तर टक्का चुकतो. भरणा चालू असताना ठरलेल्या अंतराने थोडे थोडे घ्यायचे, सगळे एकत्र करायचे, त्याचा शंकू करून वरून दाबायचा, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवून बाकीचे टाकायचे आणि हवे तेवढे उरेपर्यंत हेच पुन्हा करायचे. ओलाव्यासाठी १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवायचे. ओलाव्याचा भाव कोणी देत नाही आणि लोहाच्या टक्क्यावर रक्कम ठरते, म्हणून विकणाऱ्याला तो टक्का वर हवा असतो आणि घेणाऱ्याला खाली. दोघांचेही लोक उभे असताना नमुना घ्यावा लागे आणि वहीत वेळेसकट लिहावे लागे.

जुना_बार्जवाला

मी मांडवीत बार्जवर होतो, म्हणून हे काम जवळून पाहिले आहे. पण एक विसरू नका. तुमच्या आकड्यावर लोक विश्वास ठेवायचे ते प्रयोगशाळेचा शिक्का होता म्हणून. नोकरी गेली, शिक्काही गेला. आता तुम्ही एकटे जाऊन कोणाला आकडा सांगितलात तर तो कशाला मानेल?

अनघा (मडगाव)

बार्जवाल्यांनी नेमकी जी चाळणी लावायला हवी तीच लावली आहे. यादीतल्या प्रत्येक ओळीला विचारायचे: हे माझे होते, की खुर्चीचे? कंपनीचे यंत्र, कंपनीचा परवाना, कंपनीमुळे मिळणारा घाऊक भाव आणि कंपनीच्या नावाने उचलला जाणारा फोन, हे सगळे खुर्चीचे. ते काढून टाकले की यादी निम्मी होते, आणि ती व्हायलाच हवी. मी पाहिलेली सर्वांत महाग फसगत अशीच होती. खरेदी विभागात काम केलेला एक गृहस्थ पुरवठादारांशी असलेली ओळख हे आपले भांडवल समजला, पण दुकान उघडल्यावर त्याच पुरवठादारांनी त्याला आगाऊ पैसे मागितले.

तुमच्या बाबतीत शिक्का खुर्चीचा होता, प्रयोगशाळेची भट्टीही खुर्चीचीच होती. तुमचे जे उरते ते असे: जेथे दोन पक्षांचे हित उलटे आहे, तेथे दोघांसमोर नमुना घेऊन, वेळेसकट नोंद ठेवून, दोघांनाही मान्य होईल असा आकडा काढण्याची सवय. ही ओळ खनिजापुरती नाही. ती आता हॉटेलच्या ओळीशेजारी ठेवा. बंगल्याचा मालक मुंबईला किंवा दिल्लीला असतो आणि राखणदार येथे असतो. पाणी बिघडले की मालक म्हणतो राखणदाराने औषध टाकले नाही, राखणदार म्हणतो मालकाने पैसे दिले नाहीत. तेथेही उलट्या हिताचे दोन पक्ष आहेत आणि नोंद कोणाचीच नाही.

कुळागरवाला (डिचोली)

हे माझ्या डोक्यात आले नव्हते. तलाव साफ करून देणारे लोक बार्देशात पुष्कळ आहेत, म्हणून मी तो विचार आधीच सोडला होता.

अनघा (मडगाव)

साफ करणारे पुष्कळ असतील, आणि त्यांच्याशी भावात भांडायला जाऊ नका. तुम्ही पाणी तपासून लिहून द्यायचे. आठवड्याला एक फेरी, पीएच, मुक्त क्लोरिन, क्षारता आणि महिन्यातून एकदा सायन्यूरिक आम्ल, त्याच दिवशी मालकाच्या फोनवर एक पान, आणि त्यात राखणदाराने पुढच्या आठवड्यात काय किती ग्रॅम टाकायचे ते मापासह. पीएच ७.२ ते ७.८ च्या बाहेर गेला की आधी तो सांभाळायचा, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. नाटकाची तुमची तिसरी ओळही येथे कामाला येते, कारण पडद्यामागे कोणती वस्तू केव्हा लागणार याची वही तुम्ही ठेवत असणार, आणि अनेक बंगल्यांच्या फेऱ्या एका माणसाने सांभाळायच्या तर तशीच वही लागेल. नाटक गुणांमध्ये पहिले आले ते उगीच नव्हे, दत्ताबाब, एवढे श्रेय तुमच्या पद्धतीला देते.

व्हर्जिनिया विद्यापीठात शिकवणाऱ्या सरस सरस्वती यांनी २००१ साली अनुभवी उद्योजकांविषयी मांडले ते येथे लागू पडते. ते ठरवलेल्या धंद्यासाठी साधने गोळा करत बसत नाहीत, मी कोण, मला काय येते आणि मी कोणाला ओळखतो यांपासून निघतात, आणि नफा किती होईल यापेक्षा किती बुडाले तर चालेल हे आधी ठरवतात. तुमचा बुडीत आकडा म्हणजे चाचणीचा संच आणि पेट्रोल. त्यापुढे जाऊ नका.

शिवोलीकर

काकांना विचारले. त्यांची तयारी आहे, पण राखणदार नाराज होईल, ही त्यांची भीती आहे. इतकी वर्षे घर त्याच्यावरच आहे.

जुना_बार्जवाला

तो नाराज होणारच. त्याच्यावर पहारा बसवल्यासारखे आहे ते. शिवाय कोर्टकचेरी झाली तर हा कागद चालायचा नाही.

कुळागरवाला (डिचोली)

कागद प्रमाणपत्र आहे असे मी म्हणणार नाही. पिण्याच्या पाण्याविषयी कोणी विचारले तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवीन, कारण आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या मानकानुसार दाखला देणे माझ्या संचाने होण्यासारखे नाही. राखणदाराविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. बार्जवर आम्ही दोन्ही पक्षांना एकाच वेळी पाणी... म्हणजे नमुना दाखवत होतो, म्हणून कोणी रागावत नसे. चाचणी राखणदारासमोर करायची, आकडा त्याच्या हाताने लिहून घ्यायचा आणि प्रत दोघांना द्यायची. आकडा चांगला आला तर तो त्याच्याच बाजूचा पुरावा होतो.

अनघा (मडगाव)

ते बरोबर वाटते, पण बार्जवर दोन्ही पक्षांचे पगार वेगवेगळ्या मालकांकडून येत होते. येथे तुमचे पैसे मालक देणार, आणि राखणदार ते विसरणार नाही. हा फरक किती जाणवेल, हे पहिल्या दोन-तीन बंगल्यांवरच कळेल. पहिली फेरी फुकट करू नका. फुकटात सगळेच हो म्हणतात आणि त्या होकारातून काहीच समजत नाही. थोडी का होईना, रक्कम आगाऊ मागा. जे देतील त्यांनाच गिऱ्हाईक धरा. ओळखीच्या माणसांनाही यातून वगळू नका.

आणि जुन्या हॉटेलच्या पाहुण्यांचे किंवा मालकांचे क्रमांक तुमच्या फोनमध्ये असतील तर ते वापरण्यापूर्वी नोकरीचा करार काढून वाचा. ओळखीच्या रकान्यात लोक हेही धरतात, पण ते पुन्हा खुर्चीचेच असते.

दत्ता_फोंडा

पावसाळ्यात काय करणार? जून ते सप्टेंबर बंगले रिकामे असतात. चार महिने कोणी पाणी तपासून घेणार नाही.

कुळागरवाला (डिचोली)

बंगला रिकामा असला तरी तलाव भरलेलाच असतो, आणि पावसाने क्षारता उतरून पीएच हलतो. रिकाम्या बंगल्यातच मालकाला काही कळत नाही. पण त्यासाठी तो पैसे मोजेल का, हे मला खात्रीने सांगता येणार नाही. शिवोलीकर, काकांना हाच प्रश्न विचाराल का? आणि तलावाची मापे अजून मिळाली नाहीत.

मंदा_पेडणे

मी आज आमच्या जुन्या मुख्य सेविकेला फोन करून विचारले, मी गेल्यावर काय अडले. ती म्हणाली, पालकांच्या बैठकीला आता कोणी येत नाही, मी घरोघर जाऊन सांगत असे. माटोळीचे नावही तिने काढले नाही. अनघाताई, ही ओळ यादीत कोठे लिहू?

शिवोलीकर

लांबी ९, रुंदी ४, एका टोकाला १.१ आणि दुसऱ्या टोकाला १.६ मीटर. काका म्हणतात, पावसाळ्याचे पैसे निम्मे देईन, पण पंधरवड्याने एकच फेरी.

कुळागरवाला (डिचोली)

सरासरी खोली १.३५ धरली तर ४८,६०० लीटर. पंधरवड्याची फेरी मान्य आहे. शनिवारी सकाळी येतो. राखणदाराला घरी थांबायला सांगा, आणि तोपर्यंत त्याला एकही गोळी टाकू देऊ नका.